अखंड पाठ: रात्रीच्या पाळ्या आणि खोली

“पाच पाठी ठरलेत, ४८ तासांना पुरतील ना?”

पुरतात. अखंड पाठ म्हणजे गुरु ग्रंथ साहिबचं न थांबता केलेलं वाचन आणि पाठी म्हणजे ते वाचणारे. दोन-दोन तासांची पाळी धरली की प्रत्येकाला मध्ये आठ तास मिळतात. लुधियान्याला माझ्या सासरी असंच करतात. खरी कसोटी रात्री दोन ते पाचची. पुढच्या पाठींना अर्धा तास आधी उठवायला घरातलं एक माणूस जागं हवं, कारण त्यांना आंघोळ करून बसायचं असतं. ते शेजारी येऊन ओळ शोधतात, थोडं सोबत वाचतात, मगच आधीचे थांबतात. आवाज तुटता कामा नये. झोपायची खोली पाठाच्या खोलीपासून लांब द्या. लंगर साधाच ठेवा, पण रात्रभर चहा हवा.

या चर्चेत आधी कुणीतरी कुंभ, नारळ आणि तुपाचा दिवा मांडायला सांगितलंय. शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पाठाच्या वेळी हे ठेवणं स्पष्टपणे चुकीचं म्हटलंय. ग्रंथावरची चांदणी, ग्रंथ झाकायचा रुमाला, ढाळायची चवरी म्हणजे चौर साहिब, झाकलेलं डोकं आणि बाहेर काढलेल्या चपला एवढं सांभाळा. रविवारी सकाळी दहाला भोग, म्हणजे पाठाची समाप्ती, हवा असेल तर शुक्रवारी नऊलाच सुरुवात करा. वाचन संथ झालं तर तो तास लागतो, आणि घाईने शब्द गिळलेले मला तरी अजिबात चालत नाहीत.