मदत हवी आहे: चपलेच्या टॅगवरचा छोटा, चकचकीत क्यूआर कोड गिऱ्हाइकाच्या फोनवर स्कॅनच होत नाही

पायताण_कापशी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं दुकान आहे. चप्पल पाण्यात भिजवू नका, तेल कसं लावायचं, हे दाखवणारा एक छोटा व्हिडिओ केला आणि त्याचा क्यूआर कोड प्रत्येक जोडाच्या टॅगवर छापून घेतला. टॅग व्हिजिटिंग कार्डाच्या साधारण निम्मा, कोड १२ मिलिमीटरचा, वरून ग्लॉस लॅमिनेशन. डिझाइन करणाऱ्या पोरानं शाई तपकिरी घेतली, चामड्याला शोभते म्हणून.

अडचण अशी की अंबाबाईचं दर्शन करून आलेलं गिऱ्हाईक फोन काढतं, कोडाजवळ नेतं, आणखी जवळ नेतं, आणि शेवटी "राहू दे" म्हणतं. दुकान आत खोल आहे, वर पिवळे एलईडी. माझ्या जुन्या फोनवर कधीकधी होतं, पण गिऱ्हाइकाच्या महागड्या फोनवर अजिबात नाही. हे उलटं कसं? गल्ल्यावरचा पेमेंटचा स्टिकर मात्र सगळ्यांच्या फोनवर लगेच होतो. टॅगचा गठ्ठा छापून पडलाय, टाकून द्यायचा जीव होत नाही.

रंकाळा_भेळ
दादा, माझ्या गाड्यावर पण हेच! संध्याकाळी बल्ब लावला की अॅक्रिलिकच्या स्टँडवर तो बल्बच दिसतो आणि कोड गायब. मी स्टँड वाकडा ठेवतो मग होतंय. नवीन स्टिकर बँकेकडनं फुकट मिळतो का, माहीत आहे कुणाला?

छपाईवाला
भेळवाले, यांचं पेमेंटचं नाही हो, टॅगचं आहे. पण स्टँड वाकडा करणं बरोबर.

पायताण, सोपं आहे. कोड बनवताना एरर करेक्शन सगळ्यात वरचं, म्हणजे एच, ठेवा. ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचतो. चमक पडली काय, खरचटलं काय, फरक पडत नाही.

पायताण_कापशी
तेच ठेवलंय म्हणे त्या पोरानं. तरी नाही.

दुर्बीण
एच ठेवलंय म्हणूनच थोडं बिघडलंय, पण आधी एक करा. गिऱ्हाईक धरतं तसाच फोन धरून टॅगचा साधा फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. चौकोन एकमेकांत मिसळून राखाडी चिखल झाला असेल तर प्रश्न फोकसचा किंवा आकाराचा. चौकोन सुटे दिसतायत पण एखाद्या ठिकाणी पांढरा डाग असेल तर चमक. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात किंवा टॅग हललाय. आणि लिंक किती अक्षरांची आहे तेही सांगा.

पायताण_कापशी
जवळून काढलेल्या फोटोत चिखल. थोडं लांबून काढला तर चौकोन दिसतात, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावर ट्यूबसारखा पांढरा पट्टा. लिंक मोजली, ११० अक्षरं. शेवटी काहीतरी लांबलचक चिकटलंय.

दुर्बीण
मग दोन्ही आहे. आधी महागड्या फोनचं. मोठ्या सेन्सरच्या मुख्य कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही. दहा-पंधरा सेंटीमीटरच्या आत गेलं की बऱ्याच फोनचा फोकस सुटतो, काहींचा त्याही आधी. तुमच्या जुन्या फोनची भिंग लहान, म्हणून तो जवळून बघू शकतो. गिऱ्हाईक कोड बारीक दिसतो म्हणून पुढे सरकतं, आणि पेपर नाकाला टेकवून वाचल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला सांगा: फोन एक वीत लांब धरा आणि झूम दुप्पट करा. लांबून फोकस बसतो, आणि झूममुळे प्रत्येक चौकोनाला चित्रातले पुरेसे ठिपके मिळतात. एका चौकोनाला तीन-चार ठिपके तरी लागतात, त्याखाली वाचणं नशिबावर.

आता आकार. ११० अक्षरं एच पातळीवर घातली की कोड ५७ बाय ५७ चौकोनांचा होतो. १२ मिलिमीटरला ५७ नं भागा: एक चौकोन ०.२१ मिलिमीटर. छापताना शाई जरा पसरली तरी शेजारचे दोन एक होतात. पेमेंटचा स्टिकर तळहाताएवढा, म्हणून तिथे ही भानगडच नाही.

छपाईवाला, तुमचं ३० टक्क्यांचं खरं आहे, पण ती जागा फुकट मिळत नाही. जास्त दुरुस्तीची माहिती म्हणजे जास्त चौकोन, आणि जागा तेवढीच असली की प्रत्येक चौकोन आणखी बारीक. शिवाय कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन या दुरुस्तीत येतच नाहीत. कोड कुठे आहे हे फोन त्यांच्यावरूनच शोधतो. पट्टा नेमका त्यातल्या एकावर आला की कोडाच्या आत काय शाबूत आहे हे बघायची वेळच येत नाही.

छपाईवाला
हे मान्य. आमच्याकडे गिऱ्हाईक मध्ये लोगो पण घालून मागतं, तेव्हा मी एच ठेवतो, तीच सवय.

सुतारवाडा
टॉर्च लावायला सांगा की राव, अंधारातला विषयच मिटला.

दुर्बीण
ग्लॉसवर टॉर्च नको. टॉर्च भिंगाच्या शेजारीच असते, समोरून मारली की तिचाच डाग मध्ये उठतो. साध्या कागदावरच्या कोडाला चालते. इथे टॅग काउंटरवर सपाट ठेवायचा, फोन थोडा तिरका धरायचा, आणि दुसऱ्या हाताची सावली वरच्या दिव्याच्या आड आणायची. सरकवता सरकवता पट्टा कोडावरून खाली उतरलेला दिसतो, तिथे थांबायचं. दोऱ्याला लटकत्या टॅगवर करू नका. अंधुक उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि टॅग झुलत असला की चित्र ओढलं जातं.

पायताण_कापशी
नाद खुळा! काउंटरवर ठेवून, एक वीत लांबून, दुप्पट झूम करून पोराच्या नवीन फोनवर झालं. पण गर्दीत प्रत्येकाला हे शिकवत कोण बसणार? पुढच्या छपाईत काय बदलू?

दुर्बीण
गर्दीसाठी आधी त्याच लिंकचा एक मोठा कोड साध्या कागदावर छापून काउंटरवर लावा. जुने टॅग मग टाकायला लागत नाहीत.

नव्या छपाईत लिंक आखूड करा, त्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो. स्वतःच्या डोमेनवर २४ अक्षरांचा पत्ता करा, तो व्हिडिओकडे पुढे पाठवेल. एरर करेक्शन एम ठेवलं की कोड २५ बाय २५ चा होतो. तो २० मिलिमीटरला छापला तर एक चौकोन ०.८ मिलिमीटर, आजच्या जवळजवळ चौपट. चारी बाजूंनी चार-चार चौकोनांएवढी पांढरी मोकळी जागा धरली तरी सगळं मिळून २६-२७ मिलिमीटर, तुमच्या टॅगवर बसतं. शाई काळी, मागे पांढरं. फुकटच्या लिंक छोट्या करणाऱ्या सेवेवर टॅग छापू नका. ती बंद पडली की छापलेलं सगळं मेलं.

छपाईवाला
आणि लॅमिनेशन मॅट घ्या. दर थोडा जास्त लागेल. छापायच्या आधी एक नमुना काढून तो तुमच्या दुकानातल्या दिव्याखालीच तपासा. आमच्या टेबलावर भरपूर उजेड असतो, तिथे सगळंच स्कॅन होतं.

पायताण_कापशी
एक डोक्यात आहे. टॅग नकोच, तळव्याच्या चामड्यावर लेझरनं कोड जाळला तर?

दुर्बीण
मला पटत नाही. तुम्हीच तेल लावायला सांगताय, आणि तेलानं चामडं गडद होतं. जळका भाग आणि चामडं यांच्या रंगातला फरक कमी होत जाणार. त्यात पायाखाली घासणार.

सुतारवाडा
आमच्याकडे लाकडावर लेझर मारतो, वर्षभर वाचता येतं. मोठा मारला तर चामड्यावर पण होईल की.

छपाईवाला
लाकूड पाय घालून कोण वापरतंय? एका जुन्या जोडावर मारून, महिनाभर घालून बघा आणि मग इथे टाका.

रंकाळा_भेळ
ते मॅट लॅमिनेशन पेमेंटच्या स्टँडला पण करून मिळतं का? पावसात कडेनं सुटतं का?