प्रतिसाद: बॉन्डच्या कलमावर वकिलांचं मत

> "वकिलांना अख्खं ऑफर लेटर पाठवू की फक्त बॉन्डचं कलम? आणि नेमकं विचारू काय?"

कागद सगळे जोडा, पण मेलमध्ये मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे हे सांगणारं बॉन्डचं ते एकच कलम जसंच्या तसं उतरवा, आपल्या शब्दांत नको. माझ्या भाच्याने आधी "बॉन्ड लीगल आहे का?" एवढंच लिहिलं होतं, त्यावर वकीलसाहेबांचं उत्तर "डिपेंड्स". मग आम्ही परत लिहिलं, तारखांसकट: जॉइनिंग कधी, बॉन्ड २ वर्षांचा, रक्कम २ लाख, राजीनामा १४व्या महिन्यात, नोटीस पिरियड पूर्ण, ट्रेनिंग ३ आठवडे आणि तेही ऑफिसातल्याच सीनियरने दिलेलं, बाहेरची फी शून्य. हे ट्रेनिंगचं नक्की लिहा हं, कारण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच, म्हणून कंपनीचा खरा खर्च किती हाच मुद्दा येतो.

प्रश्न तीनच ठेवले: पूर्ण २ लाख मागता येतील का, १४ महिने काम केल्याचा फरक पडतो का, आणि शेवटच्या पगारातून परस्पर कापू शकतात का. आणि कंपनीला तुम्ही आधी "पैसे भरतो" असं मेलवर लिहिलं असेल तर तेही जोडा, लपवू नका, नाहीतर मिळालेलं मत कामाचं राहत नाही.