प्रतिसाद: बृहदक्ष कोणत्या दिशेला?

> «5x² − 4xy + 8y² = 36 मध्ये मोठे आयगेनमूल्य 9 आहे, मग बृहदक्ष त्याच दिशेला का नाही?»

xy चा सहगुणक दोन जागी निम्मा वाटला जातो, म्हणून आव्यूहाच्या ओळी (5, −2) आणि (−2, 8) होतात. बेरीज 13 आणि निश्चयक 36 असल्याने आयगेनमूल्ये 4 व 9 येतात. दोन्ही धन आहेत, तेव्हा हे विवृत्तच. आता 4u² + 9v² = 36 ला 36 ने भागले की u²/9 + v²/4 = 1 मिळते, म्हणजे आयगेनमूल्य छेदात जाते आणि लहान 4 कडेच लांब अर्धअक्ष 3 येतो. त्याची दिशा (2, 1) आहे. इंदूरला माझ्या शिकवणीत पडताळ्यासाठी मी अक्षाचे टोकच समीकरणात ठेवायला सांगतो: (6/√5, 3/√5) घातल्यास 36 − 14.4 + 14.4 = 36. एक आयगेनमूल्य ऋण असते, तर निश्चयक ऋण होऊन अपास्त मिळाला असता.