सल्ला हवा: मार्च आणि मे महिन्यांत लागणारी रक्कम ट्रेझरी बिलात ठेवावी की लांब मुदतीच्या सरकारी रोख्यात?

नेरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्यात राहतो, वय 54. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि यंदाच्या सोयाबीनचे पैसे मिळून माझ्या बचत खात्यात 9 लाख रुपये जमा आहेत. त्यातील 4 लाख येत्या खरिपाच्या आत लागतील, कारण मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची आहे आणि बी-बियाण्याचा खर्चही आहे. उरलेले 5 लाख म्हातारपणासाठी बाजूला ठेवायचे आहेत. गावातील एका पतसंस्थेचा माणूस दोन वेळा घरी येऊन गेला आणि बँकेपेक्षा बराच जास्त दर सांगून गेला. परंतु माझ्या चुलत भावाची ठेव अशाच एका पतसंस्थेत अडकून पडली आहे, त्यामुळे तो मार्ग मी सोडून दिला आहे. पैसा सरकारकडेच ठेवायचा असे ठरवले आहे. प्रश्न इतकाच की सरकारचे वर्षाच्या आतील मुदतीचे ट्रेझरी बिल घ्यावे की लांब मुदतीचे रोखे, आणि ते गावात बसून कसे घ्यावेत?

वऱ्हाडी_गुंतवणूकदार
भाऊ, सरकारी रोख्यात जोखीम शून्य आहे, कारण सरकार कधी बुडत नाही. मग 91 दिवसांच्या बिलासाठी धडपड कशाला? सरळ तीस वर्षांचा रोखा घ्या, सगळे 9 लाख त्यातच ठेवा. व्याज जास्त मिळते, दर सहा महिन्यांनी ते खात्यात येते आणि गरज पडली की रोखा बाजारात विकता येतो. मी स्वतः तसेच केले आहे.

धामणगावची_ताई
मी वेगळे सांगेन. मी 2021 मध्ये एका गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे टाकले होते, तेव्हा मलाही ‘सरकारी आहे, काळजी नको’ असेच सांगण्यात आले होते. पुढे 2022 च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि 4 टक्क्यांवरून फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर नेला. त्या काळात माझ्या फंडाची किंमत कित्येक महिने खालीच राहिली. त्यामुळे भाऊ, सरकारी कागदातही पैसे कमी होतात, हे ध्यानात ठेवूनच उतरा.

निवृत्त_बँक_अधिकारी_अमरावती
ताईंचा अनुभव खरा आहे, मात्र नेरच्या भाऊंचा प्रश्न फंडाचा नाही. फंडाला परतफेडीची तारीख नसते, त्याची किंमत रोज बाजार ठरवतो. स्वतःच्या नावावर घेतलेल्या बिलाला किंवा रोख्याला तारीख असते आणि त्या तारखेला दर्शनी किंमत, म्हणजे त्यावर लिहिलेली रक्कम, पूर्ण परत मिळते, मधल्या काळात बाजारात काहीही झाले तरी. तारखेपर्यंत थांबता येणार असेल तर मधली घसरण कागदावरच राहते; थांबता येणार नसेल तर तीच घसरण खिशातून जाते. म्हणून पहिला प्रश्न ‘दर किती’ हा नाही, तर ‘पैसे कोणत्या तारखेला लागणार’ हा आहे.

वऱ्हाडी भाऊंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. मुद्दल आणि व्याज बुडण्याची भीती केंद्र सरकारच्या रोख्यात नाही, हे खरे. परंतु ‘गरज पडली की विकता येतो’ यात कोणत्या भावाला विकला जाईल हे सांगायचे राहून गेले. समजा, 7 टक्के व्याजाचा तीस वर्षांचा रोखा 100 रुपयांना घेतला आणि थोड्याच काळात बाजारातील दर 8 टक्क्यांवर गेला. नवा खरेदीदार 8 टक्के मिळत असताना तुमच्या 7 टक्क्यांच्या रोख्याला पूर्ण किंमत देणार नाही, तो साधारण 88 रुपये 70 पैसे देईल. म्हणजे 5 लाखांच्या रोख्याचे हातात सुमारे 4 लाख 43 हजार येतील. तोच रोखा पाच वर्षांचा असता तर किंमत 96 च्या आसपास राहिली असती. मुदत जितकी लांब, तितका हा हेलकावा मोठा. दर उतरले तर हाच हेलकावा फायद्याचाही ठरतो, हे मान्य. पण मुलीच्या फीचे पैसे त्या आशेवर ठेवता येत नाहीत.

म्हणून मे महिन्यात लागणारे 4 लाख 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलात ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बिलावर वेगळे व्याज मिळत नाही, ते सवलतीने कमी किमतीला मिळते आणि मुदतीअखेर पूर्ण 100 रुपये परत येतात. हिशेबापुरता वार्षिक दर साडेपाच टक्के धरला, तर 182 दिवसांचे 100 रुपयांचे बिल सुमारे 97 रुपये 33 पैशांना पडेल. म्हणजे 4 लाखांसाठी आज अंदाजे 3 लाख 89 हजार 320 भरायचे आणि मुदतीअखेर 4 लाख घ्यायचे. प्रत्यक्ष भाव लिलावात ठरेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगल्या बँकेतील सहा महिन्यांची मुदत ठेवही याच्या जवळपास दर देते आणि एका बँकेत एका व्यक्तीच्या मुद्दल व व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण नाही. तुमचे 9 लाख आज एकाच खात्यात असतील, तर विम्याच्या मर्यादेबाहेरची रक्कम बिलात वळवण्याला अर्थ आहे. ‘बँकेपेक्षा भरपूर जास्त मिळेल’ या अपेक्षेने मात्र इकडे येऊ नका.

नेरचा_शेतकरी
साहेब, तुम्ही तारखेचा प्रश्न विचारला म्हणून आठवले. त्या 4 लाखांतून दीड लाखाचे पीककर्ज 31 मार्चपर्यंत फेडायचे आहे. मुदतीत फेडले तर पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजाची सवलत मिळते, ती मला चुकवायची नाही. फी आणि बियाण्याचे अडीच लाख मे अखेरीला लागतील.

निवृत्त_बँक_अधिकारी_अमरावती
मग दोन भाग करा, कारण 182 दिवसांचे बिल मार्चमध्ये उपयोगी पडणार नाही आणि पीककर्जासाठी ते मधेच विकावे लागेल. येत्या 19 नोव्हेंबरच्या बुधवारी लिलावात बिल मिळाले, तर ते गुरुवारी 20 तारखेला तुमच्या नावावर जमा होईल. तेथून 91 दिवसांनी 19 फेब्रुवारी येते आणि 182 दिवसांनी 21 मे. (91 आणि 182 हे दोन्ही आकडे सातच्या पाढ्यातले आहेत, म्हणून गुरुवारी घेतलेल्या बिलाची मुदत गुरुवारीच संपते.) दीड लाखाचे 91 दिवसांचे बिल साडेपाच टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 1 लाख 47 हजार 970 रुपयांना पडेल आणि अडीच लाखांचे 182 दिवसांचे सुमारे 2 लाख 43 हजार 330 रुपयांना. पीककर्जाच्या तारखेआधी सव्वा महिना पैसे हातात येतात. तो सव्वा महिना ते बचत खात्यात पडून राहतील, पण व्याज सवलत गमावण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, त्यामुळे रक्कम एखादा दिवस मागेपुढे होऊ शकते.

सेवाकेंद्र_मोर्शी
मी गावात सेवा केंद्र चालवतो आणि अनेकांना रिझर्व्ह बँकेकडून थेट सरकारी बिले आणि रोखे घेण्याच्या रिटेल डायरेक्ट सुविधेवर खाते उघडून दिले आहे, म्हणून प्रत्यक्षात काय अडते ते लिहितो. ही सुविधा नोव्हेंबर 2021 पासून आहे, खाते उघडायला पैसे लागत नाहीत, किमान खरेदी 10 हजारांची आणि पुढे 10 हजारांच्या पटीत. संकेतस्थळ rbiretaildirect.org.in आहे आणि मोबाईल ॲपही आहे. खाते पत्नीसह संयुक्त करता येते. वारसाचे नामनिर्देशन त्याच वेळी भरून घ्या.

अडचण बहुतेक वेळा नावात येते. पॅनवर वडिलांचे नाव मध्ये, आधारवर फक्त नाव आणि आडनाव, बँकेच्या पासबुकात तिसरेच स्पेलिंग, असे असले की पडताळणी अडते आणि अर्ज पुढे सरकत नाही. दुसरी अडचण बँक खात्याची. ज्या खात्याला नेट बँकिंग किंवा यूपीआय नाही, त्यातून बोलीचे पैसे भरताना त्रास होतो. भाऊंचे पैसे अशा खात्यात असतील, तर आधी ते दुसऱ्या खात्यात हलवावेत. आधारशी जोडलेला मोबाईल स्वतःजवळ ठेवा आणि ओटीपी कोणालाही, मलासुद्धा, सांगू नका.

बोली लावताना ‘स्पर्धात्मक नाही’ असाच प्रकार असतो, म्हणजे आपण भाव सांगायचा नाही, आपण फक्त रक्कम सांगतो आणि लिलावात ठरलेला सरासरी भाव आपल्याला लागतो. बुधवारपर्यंत वाट पाहू नका, मंगळवारीच बोली आणि पैसे पूर्ण करा. सुरुवातीला अंदाजी भावाने रक्कम घेतली जाते, उरलेली परत येते. ते पाहून घाबरून फोन करणारे पुष्कळ आहेत. ऑगस्ट 2025 पासून बिलांसाठी आपोआप बोलीची सोयही आली आहे, पण ज्याला मार्चमध्ये पैसे हवेत त्याने मुदत संपल्यावर रक्कम पुन्हा गुंतवण्याचा पर्याय चालू ठेवू नये.

वऱ्हाडी_गुंतवणूकदार
88 रुपयांचा हिशेब मी कधी मांडून पाहिला नव्हता. तरी एक विचारतो. माझा रोखा मी विकणारच नाही, व्याजच खाणार आहे. मग मला त्या घसरणीचा काय त्रास?

निवृत्त_बँक_अधिकारी_अमरावती
तुम्ही खरोखर विकणार नसाल तर त्रास नाही. आपल्याकडे दवाखाना आणि पावसाचा खंड माणसाला विचारून येत नाहीत, म्हणून मी सावध राहतो. शिवाय लहान रकमेच्या रोख्याला त्याच दिवशी चांगल्या भावाचा खरेदीदार मिळेलच असे नाही.

सेवाकेंद्र_मोर्शी
हे मी पाहिले आहे. एका काकांनी 50 हजारांचा रोखा विकायला काढला होता. मागितलेल्या भावाला कोणी येईना, शेवटी भाव उतरवल्यावर विक्री झाली.

नेरचा_शेतकरी
4 लाखांचे मला पटले, दीड आणि अडीच अशी दोन बिले घेतो. करापोटी काही कापले जाईल का? आणि म्हातारपणाच्या 5 लाखांचे काय करावे?

निवृत्त_बँक_अधिकारी_अमरावती
बिलाच्या परतफेडीतून कर कापला जात नाही. मात्र मिळालेला फायदा शेती उत्पन्न नाही, तो विवरणपत्रात दाखवावा लागतो.

5 लाखांबाबत माझा कल एकाच लांब रोख्याकडे नाही. पाच, सात आणि दहा वर्षांच्या आसपास मुदत संपणारे रोखे थोडे थोडे घ्यावेत, म्हणजे काही वर्षांनी एकेक हप्ता मोकळा होत राहील.

धामणगावची_ताई
मला हे पटत नाही. भाऊंना 60 पूर्ण व्हायला सहाच वर्षे आहेत, त्यानंतर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर रोख्यांपेक्षा बराच चढा असू शकतो. तोवर पाच वर्षांचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र घ्यावे. त्याचा दर घेतानाच पक्का होतो आणि त्याला बाजारभावच नाही, त्यामुळे माझ्यासारखा धसका बसत नाही.

निवृत्त_बँक_अधिकारी_अमरावती
ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. एकच फरक सांगतो: प्रमाणपत्राचे पैसे पाच वर्षांआधी सहसा काढता येत नाहीत आणि त्यावर दर सहा महिन्यांनी हातात काही येत नाही. भाऊ, मधल्या वर्षांत तुम्हाला घरखर्चासाठी व्याज हातात लागणार आहे की नाही, ते आधी सांगा.

नेरचा_शेतकरी
विहिरीवर ओलीत आहे, त्यामुळे सध्या घरखर्च शेतीतून निघतो. मुलीच्या तिसऱ्या वर्षाचा खर्च अजून कळलेला नाही. तो आकडा कॉलेजातून आणून इथेच लिहितो, मग 5 लाखांचे बघू. या सोमवारी मोर्शीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पॅन आणि पासबुकावरील नाव ताडून घेतो.