फायनलचा अंदाज लावून कोर्सची ग्रेड किती धरायची? (सहाच दिवस उरलेत)

मागचाबाक:
इंटर्नलचे ६० पैकी ४५ हातात आहेत. फायनलचा पेपर १०० चा, पण एकूणात त्याला वजन ४०. माझा अंदाज असा की पेपर मस्त गेला तर ८५, ठीकठाक गेला तर ६५, बोंबलला तर ३५. मस्तची शक्यता ३० टक्के, ठीकठाकची ५०, बोंबलायची २०. ए ७५ पासून, बी ६५ पासून, सी ५५ पासून. मग कुठली ग्रेड धरून चालू? आणि दोन अवघड चॅप्टर उरलेत ते करू की सगळ्याची रिव्हिजन? प्लीज, आधीपासून अभ्यास करायला हवा होता हे सांगू नका.

शिस्तप्रिय:
आधीपासून करायला हवा होता. मी दोन महिने आधी सुरू केला, ९१ आले. असले हिशोब करायची वेळच आली नाही.

रातकिडा:
सोप्पंय, ६० पैकी ४५ म्हणजे ७५ टक्के, फायनलचा अंदाज सरासरी ६५, दोन्हीची सरासरी ७०, म्हणजे बी. झोप आता.

आकडेकाका:
रातकिडा, ६५ बरोबर काढलेस. ८५ चे ३० टक्के २५.५, ६५ चे निम्मे ३२.५, ३५ चे २० टक्के ७, बेरीज ६५. पण पुढची सरासरी अर्धी-अर्धी नाही घ्यायची, फायनलला वजन ४० आहे. ६५ चे ४० टक्के २६, त्यात ४५ मिळवले की ७१. इथे एकाचाच फरक पडला म्हणून चुकीची रीत बरोबर होत नाही.

आता खरी गोम. तिन्ही वेळचं एकूण वेगवेगळं काढून बघ: ७९, ७१, ५९. म्हणजे ए, बी, सी. ७१ वरून "बी येणार" म्हणालास तर ए ची ३० टक्के शक्यता आणि सी ची २० टक्के दोन्ही झाकल्या गेल्या. ए साठी ४० पैकी ३० लागतात, म्हणजे पेपरात ७५. मग स्वतःला एवढंच विचार की ७५ च्या वर जायची शक्यता किती. आणि तुझं ठीकठाक म्हणजे नेमकं ६५ का रे? ते ५८ पण असेल आणि ७४ पण.

रातकिडा:
एकाच मार्काचा फरक होता हो काका, एवढं काय.

पुन्हाबसलो:
कोणी विचारलंच नाही, फायनलमध्ये वेगळं पासिंग आहे का? आमच्याकडे पेपरात ४० लागायचे. माझे इंटर्नल ४७, पेपरात ३६, एकूण ६१ च्या वर जात होतं तरी नापास. सगळा कोर्स परत. तुझा ३५ वाला केस सी नाहीच मग!

मागचाबाक:
अरे देवा. आहे, ४० चं आहे. माझ्या डोक्यातच नव्हतं. 😐

शिस्तप्रिय:
नियम पहिल्या दिवशी वाचायचे असतात.

आकडेकाका:
मग ती २० टक्के शक्यता सरळ नापासची धर, ७१ विसर. रिव्हिजन केलीस तर आकडे काय होतील?

मागचाबाक:
वर दिलेले अवघड चॅप्टरवाले आहेत. रिव्हिजन केली तर मस्त १०, ठीकठाक ८०, बोंबल १० असं वाटतं.

आकडेकाका:
त्याचं अपेक्षित ६४, एकूण ७०.६. बघ, ७१ आणि ७०.६, सरासरीने दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. पण एकात ए ची शक्यता तिप्पट, नापासाची दुप्पट. रिव्हिजन कर.

वहीचंपान:
हे ३० टक्के आलं कुठून पण? आधीच्या टेस्टमध्ये ७५ च्या वर कितीदा गेलास?

मागचाबाक:
पाचपैकी एकदा. तीनदा मधे, एकदा आपटलो.

वहीचंपान:
मग २०-६०-२० धर. एकूण ७०.२ येतं, फक्त ०.८ ने घसरलं कारण फायनलचं वजनच ४० आहे. ए ची शक्यता मात्र ३० ची २० झाली. पाच टेस्टवरून फार काही ठरत नाही, तरी मनातल्या आकड्यापेक्षा बरं. मी दरवेळी स्वतःला जास्तच धरायचे.

पुन्हाबसलो:
रिव्हिजन रे बाबा. परत तोच कोर्स, तीच लेक्चरं, बाजूला सगळे ज्युनिअर. अनुभवाने सांगतोय.

रातकिडा:
मी पण तेच म्हणत होतो, बी धर आणि रिव्हिजन कर.

वहीचंपान:
तू फक्त झोप म्हणालास.

मागचाबाक:
सगळ्यांना थँक्स, पण मी अवघड चॅप्टरच घेतोय. जिथे आपटलो ती टेस्ट आत्ता उघडून बघितली, बावीस मार्क या दोन चॅप्टरवरच गेलेत. म्हणजे ए पण इथूनच येणार आणि बोंबल पण इथेच, निदान माझ्या बाबतीत. उद्या रात्री घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवतो, ५० च्या खाली आलो तर मुकाट्याने रिव्हिजन.

पुन्हाबसलो:
५० नको, ५५ ठेव. घरी सोडवताना मार्क जास्तच येतात.