उत्तर: पीपीएमचे मिग्रॅ/घनमीटर, २२.४ की २४.४५?

> "टोल्युइन १०० पीपीएम म्हणजे किती मिग्रॅ/घनमीटर? माझं उत्तर ४११ येतंय, क्लासच्या नोट्समध्ये ३७७ आहे. शिवाय मुंबईत हवा ३३ अंश असली तर काय धरायचं?"

तुम्ही २२.४ ने भागलंय. एका मोल वायूचं ते आकारमान ० अंश सेल्सिअसचं. कामाच्या जागेच्या मर्यादा २५ अंश आणि १ वातावरण दाबाला धरतात, तिथे एक मोल २४.४५ लिटर जागा घेतो. खालच्या सूत्रात M म्हणजे रेणुभार.

```
mg/m³ = ppm × M / 24.45
100 × 92.14 / 24.45 = 376.9
```

१९४८च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनपुढे १०० पीपीएम आणि ३७५ मिग्रॅ छापलेलं होतं. ते याच भागाकाराचं, जरा गोल केलेलं. २२.४ घेतलं की उत्तर दरवेळी ९ टक्के फुगतं. ४११ दिसलं की चूक तीच.

आता ३३ अंश. पीपीएम हे आकारमानाचं गुणोत्तर, त्यामुळे तापमान वाढलं तरी ते १००च राहतं. पण हवा पसरते, म्हणून एका घनमीटरमध्ये वस्तुमान कमी मावतं:

```
24.45 × 306/298 = 25.11
9214 / 25.11 = 367
```

प्रश्नात तापमान दिलं असेल तरच ही पायरी करा. नसेल तर २४.४५ घ्या आणि "२५° से., १ वातावरण" असं उत्तरात लिहा. सेल्सिअसचा आकडा तसाच टाकून ३३/२५ करणारेही असतात, तिथे केल्विनच हवं.

सूत्र उलटसुलट लागलंय का ते नजरेनेच कळतं. रेणुभार २४.४५ पेक्षा जास्त असेल तर मिग्रॅचा आकडा पीपीएमपेक्षा मोठा यायला हवा. अमोनियाचा रेणुभार १७, म्हणून २५ पीपीएमचे १७.४च होतात. सिलिकाच्या धुळीला मात्र हे सूत्र लावू नका, ती वायू नाही.