मदत हवी आहे: जेईई मेनसाठी सेमीकंडक्टरचा अभ्यास झेनरपासून सुरू करावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. धाकटी बहीण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे. लॉजिक गेट्स तिला छान जमतात, अडते ती झेनर डायोडच्या गणितांत. म्हणून कच्चं आधी घ्यायचं ठरवलंय.

तिची अडचण नेमकी सांगतो. १२ व्होल्टचा सप्लाय, सिरीजमध्ये २०० ओहम, झेनर ८ व्होल्टचा आणि लोड ८०० ओहम. इथे २०० ओहमवर ४ व्होल्ट पडतात, म्हणजे एकूण २० मिलिअँपिअर. त्यातले १० लोडला जातात, उरलेले १० झेनरमधून. हे तिला येतं. पण लोड २०० ओहम केला तरी ती लोडवर ८ व्होल्टच धरते, आणि झेनरचा करंट उणे २० येतो! उणे उत्तर आलं की झेनर ब्रेकडाउनमध्ये नाही हे ओळखायचं. आधी झेनर काढून लोडवरचा व्होल्टेज पाहिला तर तो ६ येतो, ८ पेक्षा कमी. म्हणजे झेनर बंद, उत्तर ६ व्होल्ट.

ही तपासणी अंगवळणी पडेपर्यंत फक्त झेनर, मग साध्या डायोडची सर्किट्स आणि रेक्टिफायर, गेट्स शेवटी फक्त उजळणीला, असा क्रम मनात आहे. की फॉरवर्ड-रिव्हर्स बायस पक्कं करून मगच झेनरकडे वळावं? बेळगाव-निपाणीकडे कुणी शिकवत असाल तर कृपया सांगा. लोड बदलत जाणारी अशी गणितं कुणाकडे असतील तर तीही हवी आहेत.